भाषणात गुडघेदुखीच्या गोळीवर जास्त बोला

"किडनी दिनाच्या भाषणात मधुमेह, बीपी आणि पेनकिलर, तिन्ही पाच मिनिटांत कसं बसवू?"

एकच माणूस उभा करा. परळच्या चाळीतल्या काकू, डायबेटिस आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू. जिने चढून गुडघे धरले की केमिस्टकडून परस्पर डायक्लोफेनॅक ही पेनकिलर. ही गोळी किडनीत रक्त आणणारी बारीक नळी आवळते, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी सैल करते; आतला दाब पडतो आणि गाळणं मंदावतं. त्यात मे महिन्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर काही दिवसांतच रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, चढू शकतं, आणि दुखत काहीच नाही. लघवी कमी होणं, पायांवर सूज येणं, एवढंच कधीकधी दिसतं. मात्र बीपीची गोळी मनाने सोडू नका, हे ठासून सांगा. लोक नेमकी तीच बंद करतात.