मदत हवी आहे: यूट्यूबचा वेळ आणि फोनचा वेळ जुळत का नाही?

सायली_न: फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये शनिवारी यूट्यूब १ तास २० मिनिटं दिसतंय. यूट्यूबच्या Time watched मध्ये त्याच दिवशी ४ तास ५०! एवढं मी बघितलेलंच नाही. शिवाय अर्ध्या तासाने ब्रेक घ्यायची आठवण लावलीय, ती येतच नाही. सोळा वर्षांच्या लेकाला मात्र न लावता येते. काय गडबड असेल?

गजाननकाका: टीव्हीला स्लीप टायमर असतो बघा. आमचा साडेदहाला आपोआप बंद होतो, कटकट नाही.

सायली_न: काका, मी फोनचं विचारतेय :)

तुषार_के: काकांनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलंय. घरच्या टीव्हीवर लॉगिन कुणाचं आहे? डिजिटल वेलबीइंग फक्त तुमच्या हातातला फोन मोजतं. Time watched तुमच्या खात्याच्या हिस्टरीवरून निघतं, त्यात टीव्ही आणि लॅपटॉपही आले. हिस्टरीत शनिवार उघडून बघा, ते साडेतीन तास कुणाचे ते कळेल.

मीनल७७: हिस्टरी पॉज करून टाका, आकडा आपोआप ताळ्यावर येतो.

तुषार_के: आकडा कमी होईल, पण खोटा. पॉज असताना तुम्ही स्वतः बघितलेलंही मोजलं जात नाही. इन्कॉग्निटोचंही तेच.

आता ब्रेकचं. ॲप बंद केलं, डिव्हाइस बदललं किंवा व्हिडिओ अर्ध्या तासाहून जास्त थांबवून ठेवला, की त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. तुम्ही कामाच्या मधेमधे पंधरावीस मिनिटं बघून ॲप बंद करत असाल, तर अर्धा तास भरणार कसा? झोपेच्या आठवणीतही एक खोच आहे: ‘व्हिडिओ संपेपर्यंत थांबा’वर टिक असेल आणि दोन तासांची मुलाखत चालू असेल, तर ती मुलाखत संपल्यावरच उगवते.

अठरा वर्षांखालच्या खात्यांना या आठवणी आधीपासून चालू असतात. २०२३ पासून त्या जास्त ठळकही केल्यात. पण त्या कुलूप लावत नाहीत, बटण दाबलं की व्हिडिओ पुढे चालू.

आरतीची_आई: बटण तर आमची बघतही नाही, अंगठा आपोआप जातो. म्हणून फॅमिली लिंकमध्ये ॲपला वेळ लावला. मग बाईसाहेब ब्राउझरमधून यूट्यूब बघायला लागल्या.

सायली_न: हिस्टरी बघितली. दुपारभर कीर्तनं, संध्याकाळी जुनी नाटकं. सासरे! टीव्हीवर माझंच लॉगिन आहे. त्यांना स्वतःचं खातं काढून देते म्हटलं तर ‘मला ती पासवर्डची भानगड नको’ म्हणतात. लॉगिन न करता टीव्हीवर बघता येतं का? आणि लेकाच्या अंगठ्याचं काय करायचं, कुणाला जमलंय का?

तुषार_के: टीव्हीच्या ॲपमध्ये खातं बदलायच्या पडद्यावर गेस्टचा पर्याय दिसतो का बघा. कीर्तनं त्यात चालतील. अंगठ्याचं मलाही जमलेलं नाही.