प्रतिसाद: कीगार्ड आणि मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड

> "बाबांचा हात थरथरतो, नजरही अधू आहे. मोठ्या अक्षरांचा पिवळा कीबोर्ड पुरेल का?"

नजरेपुरता पुरेल, थरथरीला नाही. माझ्या आईचं असंच झालं. पिवळ्यावर काळी अक्षरं तिला लगेच दिसली, पण 'क' दाबताना शेजारची कळही दाबली जायची. मग कीगार्ड बसवलं: प्रत्येक कळीवर भोक असलेली कडक पट्टी. हात त्यावर निर्धास्त टेकतो आणि बोट भोकातून सरळ खाली जातं.

ते त्याच मॉडेलसाठी कापलेलं हवं, कारण भोक दोन मिलिमीटर सरकलं तरी कळ कडेला घासून अडकते. म्हणून कीबोर्ड आणि गार्ड जोडीनेच घ्या. आमचं पहिलं गार्ड जाड, अपारदर्शक होतं. त्याच्या सावलीत अक्षरांच्या कडा झाकल्या जायच्या. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक आणल्यावर खिडकीची तिरीप चमकायला लागली, तेव्हा टेबलच फिरवलं.

गार्डवरून दोन कळा एकदम दाबणं अवघड जातं. विंडोजमध्ये Shift पाचदा दाबून Sticky Keys चालू करा, म्हणजे त्या कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात. बोट रेंगाळून 'ककककक' उमटत असेल, तर उजवी Shift आठ सेकंद दाबून Filter Keys लावा.