मदत हवी आहे: दुकानाचं नाव आणि डोमेन दोन्ही बदललं, ऑर्डरी पडल्या

हळदवाला_सांगली
नमस्कार. सांगलीतून हळद आणि बेदाणा कुरिअरने पाठवतो. नऊ दिवसांपूर्वी नवीन नावाने नवीन साइट सुरू केली आणि जुन्या डोमेनवरून नवीनवर फॉरवर्डिंग लावलं. दोन दिवस बरे गेले, मग रोजच्या २०-२२ ऑर्डरी ५-६ वर आल्या. ‘राजापुरी हळद’ शोधलं की आम्ही पहिल्या पानावर असायचो. आता कधी जुनी लिंक दिसते, कधी काहीच नाही. साइट करणारा म्हणतो थांबा, गूगलला वेळ लागतो. नवीन हळदीचा हंगाम तोंडावर आहे, किती थांबू? नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, घाईत आहे.

सातारी_कंदी
काळजी करू नका. आमच्या पेढ्याच्या दुकानाचं नाव बदललं तेव्हा आम्ही फक्त गूगल मॅपवर नाव बदललं आणि फ्लेक्स लावला. एक गिऱ्हाईक गेलं नाही. वेबसाइटचं एवढं काही नसतं, लोक मॅप बघूनच येतात.

हळदवाला_सांगली
आमचं गिऱ्हाईक दुकानात येत नाही हो. नाशिक, ठाणे, नागपूरहून ऑर्डर येते.

घाटमाथा
‘फॉरवर्डिंग लावलं’ म्हणजे नेमकं कुठे? डोमेन घेतलं त्या कंपनीच्या पॅनेलमध्ये की जुन्या होस्टिंगवर? आणि जुन्या साइटवरच्या आतल्या एखाद्या मालाची लिंक उघडली तर कुठे पोचता? मुखपृष्ठाचं विचारत नाही, आतल्या पानाचं विचारतेय.

वारणा_वेब
३०१ म्हणजे कायमची फॉरवर्डिंग लावा, विषय संपला. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचं कळवा. १८० दिवसांनी जुनं डोमेन सोडून द्या, नूतनीकरणाचे पैसे वाचतील. मी चार साइट अशाच हलवल्यात.

हळदवाला_सांगली
डोमेनच्या पॅनेलमध्येच लावलं, तिथे तसा पर्याय आहे. ताई, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता बघितलं. राजापुरी एक किलोची जुनी लिंक उघडली की नवीन साइटचं मुखपृष्ठ येतं. सगळ्याच लिंकांचं तसं आहे. पण माल तर तिथे खाली दिसतोच की.

घाटमाथा
इथेच ऑर्डरी गळतायत. गेल्या वर्षी ज्यांनी हळद घेतली त्यांनी ती लिंक व्हॉट्सॅपवर जपून ठेवलेली असते. ती उघडल्यावर अनोळखी नावाचं मुखपृष्ठ आलं की माणूस चुकीच्या जागी आलो समजून बंद करतो. गूगलचंही तसंच होतं. हळदीचं पान मुखपृष्ठावर पाठवलं तर तो त्याला हळदीच्या पानाचा नवा पत्ता धरत नाही, ते पान नाहीसं झालं असं समजतो. त्या पानाने कमावलेली जागा मग पुढे जात नाही. पान पानाकडेच गेलं पाहिजे.

दुसरं, ही फॉरवर्डिंग कायमची आहे की तात्पुरती ते बघा. संगणकावर ही ओळ चालवा आणि उत्तर इथे टाका, डोमेनचं नाव बदलून टाकलं तरी चालेल.

```
curl -I https://junenav.example/product/rajapuri-halad-1kg/
```

मिरजेचा_तंबोरा
ट्रेडमार्क केलाय का आधी? हळद ३० व्या वर्गात येते आणि बेदाणा २९ व्या, अर्ज एकच चालेल पण फी दोन वर्गांची लागेल. आणि सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. नाव बदलताना लोक हेच विसरतात.

हळदवाला_सांगली
तंबोरासाहेब, ते बघतो नंतर. उत्तर असं आलं:

```
HTTP/1.1 302 Found
Location: https://navenav.example/
```

वारणा_वेब
बघा, ३०२ म्हणजे तात्पुरती आहे. म्हणूनच पत्ताबदल होत नसणार. पॅनेलमध्ये ‘Permanent’ निवडा, झालं.

घाटमाथा
वारणा, तेवढ्याने ३०१ येईल, पण सगळं मुखपृष्ठावरच जात राहील. पॅनेलच्या फॉरवर्डिंगवर हे काम सोडू नका. ती काढा, डोमेन परत जुन्या होस्टिंगकडे वळवा आणि वळवायचं काम तिथे करा. हळदवाले, जुनं होस्टिंग चालू आहे का? आणि नवीन साइटवर पानांचे पत्ते तेच ठेवलेत की बदललेत?

हळदवाला_सांगली
होस्टिंग अजून चार महिने आहे. पत्ते बदललेत. आधी `/product/rajapuri-halad-1kg/` होतं, आता `/halad/rajapuri-1kg/` केलंय. साइटवाला म्हणाला हे गूगलला आवडतं. एकूण ६४ माल आहेत. सगळे हाताने जोडायचे?

घाटमाथा
नाव, डोमेन आणि पत्ते एकदम बदलले की काय कशामुळे पडलं हे कळतच नाही. आता झालंय ते ठेवा, पुन्हा हलवू नका.

६४ जोडावेच लागतील, पण एका दिवसात नाही. जुन्या साइटच्या सर्च कन्सोलमध्ये गेल्या वर्षभरात कोणत्या पानांवर क्लिक आले ते बघा. बहुतेक दहा-बारा पानांवरच गर्दी असेल. ती आज रात्री जोडा, बाकीची आठवडाभरात. जो माल आता विकतच नाही त्याचं पान त्याच प्रकारच्या मालाकडे न्या. तसा मालच नसेल तर ‘पान नाही’ असंच येऊ द्या. जुन्या होस्टिंगवर `.htaccess` मध्ये सगळ्यात वर असं लिहायचं:

```
RewriteEngine On
RewriteRule ^\.well-known/acme-challenge/ - [L]
RewriteRule ^product/rajapuri-halad-1kg/?$ https://navenav.example/halad/rajapuri-1kg/ [R=301,L]
RewriteRule ^$ https://navenav.example/ [R=301,L]
```

तिसऱ्या ओळीसारखी प्रत्येक पानाला एक ओळ. दुसरी ओळ गाळू नका. मोफत एसएसएल मुदत संपण्याआधी नवं होताना प्रमाणपत्र देणारी संस्था त्या फोल्डरमध्ये एक फाइल शोधते. तीही नवीन साइटवर वळली तर प्रमाणपत्र नवं होत नाही. मग जुनी लिंक उघडणाऱ्याला नवीन साइट दिसण्याआधी धोक्याची लाल सूचना दिसते. गंमत अशी की तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण तुम्ही स्वतः जुनी लिंक कधी उघडतच नाही.

झालं की तीच `curl` ची ओळ पुन्हा चालवा. ३०१ आणि समोर हळदीच्याच पानाचा पत्ता आला पाहिजे.

कृष्णाकाठ
मध्येच विचारतो. दादा, तुमची हळद हरिपूरच्या पेवातली का? आता पेवं किती राहिलीत?

हळदवाला_सांगली
नाही हो, गोडाऊनमधली.

ताई, अकरा पानं जोडली. ३०१ येतंय, बरोबर पानावर जातंय. आता फक्त सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदल कळवतो. एक राहिलंच सांगायचं. जुनं डोमेन पाडव्याला काकांना द्यायचंय. तोवर सगळं होईल ना?

घाटमाथा
काकांना का?

हळदवाला_सांगली
वाटणी झाली. गणपती पेठेतलं दुकान आणि जुनं नाव काकांकडे, कुपवाडचं गोडाऊन आणि साइटचा धंदा आमच्याकडे. साइट मीच केली होती, डोमेन माझ्या खात्यात आहे. पण नाव त्यांचं म्हटल्यावर डोमेनही पाडव्याला देतो असा शब्द दिलाय. कागद नाही. मला वाटलं तोवर गूगल सगळं इकडे आणेल.

वारणा_वेब
हे आधी सांगायला हवं होतं राव. तरी १८० दिवस तरी मागून घ्या.

घाटमाथा
१८० दिवस हा त्या पत्ताबदलाच्या साधनाचा काळ आहे. वळणं किमान वर्षभर ठेवा असं गूगल स्वतः सांगतो, आणि गिऱ्हाइकांसाठी त्याहून जास्त ठेवलेली बरी. बरीचशी पानं काही आठवड्यांत सरकतील, पण ज्या पानाकडे गूगल क्वचित फिरकतो ते उशिरा सरकतं. पाडव्याला काकांनी त्या डोमेनवर स्वतःची साइट टाकली की तुमची वळणं त्याच दिवशी संपली.

वाळव्याचा_सुभाष
मला दुसरंच दिसतंय. जुनं नाव टाकून शोधणारा माणूस काकांचंही गिऱ्हाईक आहे. त्याला सरळ तुमच्या साइटवर नेणं मला पटत नाही. आमच्यात असंच झालं, चुलत्यांशी दोन वर्षं बोलणं बंद होतं. जुन्या मुखपृष्ठावर साधं पान ठेवा: दुकान इथे, कुरिअरचा माल तिथे. दोन लिंका.

वारणा_वेब
मग रँकिंग गेलं. दोन लिंकांचं पान म्हणजे पत्ताबदल नव्हे.

घाटमाथा
दोघांचंही अर्धं खरं आहे. दुकानाचं नाव शोधून येणारे मुखपृष्ठावर येतात, आणि त्यांच्यावर काकांचा हक्क आहे हे मलाही पटतं. ‘राजापुरी हळद’ शोधणारे आतल्या पानांवर येतात, ती पानं हळदवाल्यांनी लिहिली. म्हणून मुखपृष्ठावर सुभाषरावांचं दोन लिंकांचं पान ठेवून आतली पानं ३०१ ने वळवता येतात. माझ्या ओळींतली फक्त शेवटची काढायची.

यात नुकसान एक आहे. पत्ताबदलाचं साधन आधी जुनं मुखपृष्ठ ३०१ ने नवीनकडे जातंय का ते तपासतं. तसं नसेल तर ते वापरता येत नाही. पानांची वळणं त्याच्याशिवायही काम करतात, पण गूगलला एकेक पान स्वतः बघून शिकावं लागतं, म्हणून वेळ जास्त. आणि काकांना मुखपृष्ठ देऊनही आतली वळणं वर्षभर ठेवायची तर ते कागदावर हवं.

डोमेन देणारच असाल तर आणखी एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. `@junenav.example` चा ईमेल कुठे कुठे दिलाय? ज्याच्या हाती डोमेन, त्याच्या हाती त्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पत्र. पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा त्याच्याकडेच जाईल.

हळदवाला_सांगली
बापरे. पेमेंट गेटवे, जीएसटी, कुरिअरचं खातं, आणि डोमेनचं खातंसुद्धा त्याच ईमेलवर आहे. काका तसं काही करणार नाहीत, पण त्यांचं सगळं बघणारा माणूस बाहेरचा आहे.

घाटमाथा
मग आज रात्री वळणं सोडा, आधी ते बदला. डोमेनच्या खात्यापासून सुरुवात करा.

सातारी_कंदी
आणि मॅपवरचं जुनं दुकान? त्यावरची मतं मोलाची असतात.

घाटमाथा
ते गणपती पेठेच्या दुकानाचं आहे, काकांकडेच राहू द्या. कुपवाडला गिऱ्हाईक येत नाही, म्हणून ते मॅपवर नोंदवू नका.

हळदवाला_सांगली
डोमेन, गेटवे आणि कुरिअरचा ईमेल बदलला. जीएसटीला सीएंना सांगितलंय. काल ९ ऑर्डरी आल्या, त्यातल्या तीन जुन्या लिंकवरून. शेवटची ओळ काढून मुखपृष्ठावर दोन लिंकांचं पान टाकलंय. रविवारी काकांकडे जेवायला जाणार आहे, तेव्हा वर्षभराचं बोलतो. वडील म्हणतात कागद काढू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

वाळव्याचा_सुभाष
कागद तुम्ही काढू नका. काकूंसमोर बोला आणि त्यांनाच लिहायला सांगा.

कृष्णाकाठ
गोडाऊनमधल्या हळदीला कीड लागू नये म्हणून काय करता? वेगळा धागा काढू का?