बंधन ऊर्जेत प्रोटॉनचं वस्तुमान वापरलं म्हणून थेट शून्य?

नौपाडेकर: मुलगी बारावीला, क्लास ठाण्यातच. चाचणीत लोखंड-५६ ची प्रति न्यूक्लिऑन बंधन ऊर्जा विचारली होती, ३ गुणांना. अणूचं वस्तुमान ५५.९३४९३६ यू, हायड्रोजन अणूचं १.००७८२५ आणि न्यूट्रॉनचं १.००८६६५ दिलं होतं. हिला प्रोटॉनचं १.००७२७६ पाठ होतं, तेच घातलं. उत्तर आलं ८.५५ एमईव्ही, सरांचं ८.७९. मिळाले शून्य. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या १८३६ पट हलका असतो म्हणे. मग एवढ्याशा फरकाला शून्य हा अन्याय नाही का?

घोडबंदरचा इंजिनिअर: उघड अन्याय. पद्धत बरोबर, गुणाकार बरोबर, फरक जेमतेम पावणेतीन टक्के. आमच्या साइटवर एवढी चूक कोणी विचारतसुद्धा नाही. शिवाय अभिक्रियेची ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन कटतातच. युरेनियम-२३५ फुटून बेरियम आणि क्रिप्टॉन होतात, डावीकडे ९२ इलेक्ट्रॉन, उजवीकडे ५६ अधिक ३६. मी बारावीत इलेक्ट्रॉनकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, माझं काही अडलं नाही.

वाशीचे काका (ट्रॉम्बेतून निवृत्त): गुणांचं नंतर बघू. आधी हे १८३६ बाजूला ठेवा, ती तुलनाच इथे गैरलागू आहे. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपुढे किती लहान, याला इथे महत्त्व नाही. वजाबाकी करून हातात जे उरतं, त्याच्यापुढे तो केवढा, ते बघायचं.

लोखंडाचंच घ्या. २६ हायड्रोजन अणू आणि ३० न्यूट्रॉन मिळून ५६.४६३४०० यू. त्यातून अणूचं वस्तुमान वजा केलं की ०.५२८४६४ उरतात, हीच वस्तुमानाची तूट. ९३१.५ ने गुणा, ४९२.३ एमईव्ही. ५६ ने भागा, ८.७९. तुमच्या लेकीने प्रोटॉन २६ घेतले, पण त्यातून जो अणू वजा केला त्यात २६ इलेक्ट्रॉन आहेत. एका बाजूला इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला नाहीत. त्या २६ चे मिळून ०.०१४२७४ यू, म्हणजे १३ एमईव्हीहून जास्त ऊर्जा हिशोबातून गायब.

लोखंडात हे २.७ टक्क्यांवर निभावलं, कारण तिथे तूट मोठी आहे. आता ड्यूटेरियम घ्या. अणूचं वस्तुमान २.०१४१०२. हायड्रोजन अणू घेतला तर तूट ०.००२३८८, म्हणजे २.२२ एमईव्ही. प्रोटॉन घेतला तर १.७१. चूक सरळ २३ टक्के. आणि २.२२ हे नुसतं कागदावरचं उत्तर नाही. हायड्रोजनने न्यूट्रॉन पकडला की जो गॅमा किरण निघतो, तो मोजला तर नेमका २.२२ भरतो. १.७१ चा किरण कोणाच्याही यंत्रात दिसणार नाही.

तुर्भे मसाला: इथे अणुऊर्जेचे जाणकार दिसतात म्हणून विचारते. आमचा मिरची-हळदीचा व्यापार आहे. वाशीत मसाल्याला कोबाल्टचे किरण देतात तो प्लांट आहे ना, तिथून माल आला की गिऱ्हाईक म्हणतं, यात ऊर्जा साठून राहते का? तुमची ही बंधन ऊर्जा तीच का?

वाशीचे काका: ताई, प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर याच गणितात सापडतं. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण दोन, १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. मसाला किरणोत्सारी व्हायचा तर केंद्रकातून काहीतरी उपटून काढावं लागेल. ड्यूटेरियम फार सैल बांधलेलं केंद्रक, तरी ते फोडायला २.२२ लागतात. १.३३ ने तेही फुटत नाही, मग मिरचीतला कार्बन-ऑक्सिजन तर फारच घट्ट बांधलेला. बुरशी आणि किडे मरतात, साठत काही नाही. गिऱ्हाइकाला बेलाशक सांगा.

घोडबंदरचा इंजिनिअर: काका, ड्यूटेरियम मान्य. पण अभिक्रियेत कटतात हे माझं म्हणणं खोडलं नाहीत.

ऐरोलीची शिक्षिका: मी खोडते, निदान अर्धं. तुमच्या विखंडनात कटतात, बरोबर. कोबाल्ट-६० मध्येही कटतात, पण तिथे मुलं वेगळीच चूक करतात. कोबाल्ट ५९.९३३८१७, निकेल ५९.९३०७८६, फरक ०.००३०३१ यू, म्हणजे २.८२ एमईव्ही. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन दिसला की मुलं त्याचे ०.५११ आणखी वजा करतात आणि २.३१ लिहून मोकळी होतात. वास्तविक निकेलच्या अणूत कोबाल्टपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो, बाहेर पडलेल्याचा हिशोब तिथेच लागलेला असतो. चूक लगेच पकडता येते. दोन गॅमांचीच बेरीज २.५० होते, मग एकूण ऊर्जा २.३१ कशी असेल? २.८२ मधून २.५० गेले की ०.३२ उरतात, ते इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो वाटून घेतात.

पॉझिट्रॉन निघतो तिथे मात्र तुमचा नियम कोसळतो. पेट स्कॅनला वापरतात ते फ्लोरिन-१८ घ्या. ते १८.०००९३७, त्याचं ऑक्सिजन-१८ होतं, १७.९९९१६०. फरक १.६५५ एमईव्ही. पण ऑक्सिजनच्या अणूत एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणजे एक इलेक्ट्रॉन मोकळा राहिला, आणि वर पॉझिट्रॉन निघाला तो वेगळा. दोघांचे मिळून १.०२२ वजा करावे लागतात. उरतात ०.६३, आणि पॉझिट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा तेवढीच मोजली गेली आहे. इथे इलेक्ट्रॉनकडे ढुंकून पाहिलं नाही तर उत्तर अडीचपटीहून मोठं येतं.

घोडबंदरचा इंजिनिअर: बरं, पॉझिट्रॉनपुरती माघार. पण मग काटेकोरपणा पूर्ण करा की! इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले असतात, त्यांची बंधन ऊर्जा तुम्ही कुठे धरलीत?

वाशीचे काका: बरोबर पकडलंत, धरलेली नाही. लोखंडाच्या २६ इलेक्ट्रॉनांची ती सगळी मिळून काही दशक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. ४९२ एमईव्हीपुढे ती दहा-पंधरा हजारांत एक भाग. ८.७९ लिहिताना ती सोडली तरी चालते. काय सोडायचं, हे उत्तर किती अंकांपर्यंत हवंय त्यावर ठरतं.

नौपाडेकर: काका, हे मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, मग प्रोटॉन घेणं चूकच म्हणायचं का? समजा मी अणूतूनही २६ इलेक्ट्रॉन काढले असते तर?

ऐरोलीची शिक्षिका: मग पूर्ण बरोबर. ५५.९३४९३६ मधून ०.०१४२७४ काढले की ५५.९२०६६२, हे नुसत्या केंद्रकाचं. आता प्रोटॉन घेऊन करू दे, ८.७९ च येईल. दोन्ही बाजूंना अणू घ्या नाहीतर दोन्ही बाजूंना केंद्रकं. तिची चूक सरमिसळीची आहे. मी ३ पैकी २ दिले असते. तूट काढली, ९३१.५ ने गुणलं, ५६ ने भागलं, त्याचे गुण कापायचं कारण नाही.

वाशीचे काका: मी १ दिला असता. हायड्रोजन अणूचं वस्तुमान प्रश्नातच दिलं होतं. दिलेली माहिती सोडून पाठ केलेली घातली, म्हणजे ती का दिली हा विचारच झाला नाही. या गणितात विचार करण्याजोगी जागा तेवढी एकच आहे, बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

घोडबंदरचा इंजिनिअर: काका, १७ वर्षांची पोर परीक्षेच्या घाईत हा विचार करते का? २ च.

नौपाडेकर: सरांना फोन केला. म्हणाले, पेपर घेऊन या, पण शून्याचे दोन होणार नाहीत. शनिवारी जातोय. ड्यूटेरियमचं उदाहरण तिनेच सरांपुढे मांडायचं ठरवलंय, ते तिच्याच विरुद्ध जातं असं मी सांगून पाहिलं.