मदत हवी आहे: रोख्यांच्या शिडीतले पैसे परत आले, आता 5 वर्षांचा रोखा घेऊ का?

कोरा_कागद
पाच पायऱ्यांची शिडी आहे, प्रत्येक पायरीत 20 टक्के रक्कम. दरवर्षी एक रोखा सुटतो आणि ते पैसे नव्या 5 वर्षांच्या रोख्यात जातात. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. परवा एका पायरीचे पैसे खात्यात आले. तो रोखा 8 टक्के देत होता, आता सगळीकडे 6 च्या आसपास मिळतंय. नियम पाळून 5 वर्षांचा घेऊ, की 1 वर्षाचा घेऊन दर वाढायची वाट बघू? शिडी म्हणजे काय हे कृपया सांगू नका, ते माहीत आहे. या आठवड्यात ठरवायचंय.

तिरपागडा
5 चाच घ्या. दर कुठे जातील याचा अंदाज बांधावा लागू नये म्हणूनच तर शिडी लावतात. शिडीत व्याजदराची जोखीम उरतच नाही, मुदतीपर्यंत धरलं की झालं.

सांजवेळ
मुदत ठेव का नाही करत? रोख्यांची कटकटच नको.

जुना_खातेदार
कोरा_कागद, एक हिशोब जुळत नाही. दोन वर्षांत 1 आणि 2 वर्षांचे रोखे सुटले असतील, ते तुम्ही फिरवले. मग हा तिसरा कुठून आला? त्याची मूळ मुदत किती होती?

कोरा_कागद
मूळ 5 वर्षांचा. अजून 3 वर्षं बाकी होती, कंपनीनेच पैसे परत केले. पण त्याने काय फरक पडतो? पैसे ते पैसे.

जुना_खातेदार
सगळा फरक तिथेच आहे. तुमचा रोखा सुटलेला नाही, कंपनीने कॉल केलाय. सुटलेला रोखा शिडीच्या खालच्या टोकाचा असतो. तो गेला की बाकीचे एकेक वर्ष खाली सरकतात आणि वर 5 ची जागा रिकामी होते, म्हणून 5 चा घ्यायचा नियम. तुमची पायरी मधून निघालीय. दुसऱ्या वर्षी फिरवलेले पैसे आत्ता 5 च्या पायरीवरच आहेत. आज पुन्हा 5 चा घेतलात तर शिडी 1, 2, 4, 5, 5 अशी होईल. सरासरी मुदत 3 वरून 3.4 वर जाईल, आणि तिसऱ्या वर्षी मुद्दल काहीच हाती येणार नाही. त्या वर्षी पैसे लागणार आहेत का?

कोरा_कागद
हो, कर्जाचा शेवटचा मोठा हप्ता तेव्हाच आहे. ती पायरी त्यासाठीच होती. लिहायचं राहिलं.

तिरपागडा
अहो, हे आधी सांगायचं ना! तरी काय, 5 चा घ्या आणि लागेल तेव्हा विका.

जुना_खातेदार
तिरपागडा, मग तुमचं 'मुदतीपर्यंत धरलं की झालं' कुठे गेलं? तीन वर्षांनी विकायला निघाल तेव्हा त्या रोख्याची 2 वर्षं उरलेली असतील आणि भाव त्या दिवशीच्या दरावर ठरेल. जोखीम उरत नाही हेही खरं नाही, ती विभागली जाते. 6 टक्क्यांच्या नव्या रोख्यांची 1 ते 5 ची शिडी धरा. दर एकदम 7 झाले तर 5 वर्षांचा रोखा साधारण 4.1 टक्के पडतो, 1 वर्षाचा 0.9, अख्खी शिडी मिळून 2.6 च्या आसपास. सगळे पैसे 5 वर्षांच्यात ठेवण्यापेक्षा हे बरं, पण शून्य नव्हे.

तिरपागडा
कागदावरचा तोटा तो. विकलंच नाही तर काय बिघडलं?

जुना_खातेदार
विकायचा सल्ला तुमचाच होता.

पाणवठा
माझी शिडी तर नावालाच होती. वेगवेगळ्या कंपन्यांचे सहा रोखे घेतले, जोखीम विभागली असं वाटलं. नंतर पाहिलं तर चार एकाच वर्षी सुटत होते आणि नेमके त्या वर्षी दर तळाला. तेव्हापासून आधी तारखा मांडते, मग कंपनीचं नाव बघते. अवांतर झालं, पण कुणाला उपयोग होईल.

कोरा_कागद
म्हणजे 3 वर्षांचा घेऊ. ठीक. पण मग 8 टक्क्यांची भरपाई कशी करू? कंपनीने हे असं मध्येच कसं केलं?

जुना_खातेदार
भरपाई नाही, तो दर गेला. कंपनीला कॉलचा हक्क होता आणि त्याची किंमत ती तुम्हाला जादा व्याजाच्या रूपात देत होती. घेताना तसाच पण कॉल नसलेला रोखा किती देत होता, आठवतंय?

कोरा_कागद
साडेसात. म्हणून तर हा घेतला.

जुना_खातेदार
मग मांडून बघा. शिडी 100 ची, पायरी 20 ची. जादा अर्धा टक्का म्हणजे वर्षाला 0.10, दोन वर्षांत 0.20 कमावले. आता उरलेली 3 वर्षं साडेसातऐवजी 6 मिळणार, म्हणजे दीड टक्का कमी, वर्षाला 0.30, एकूण 0.90. दुसरीकडे, तो साडेसातचा रोखा आज विकायला काढला असता तर 100 ला 104 च्या आसपास भाव आला असता. तुम्हाला कॉलवर मिळाले 100.

दर पडतात तेव्हाच कंपनी स्वस्तात नवं कर्ज काढून जुनं फेडते. दर वाढले असते तर तुमचा 8 टक्क्यांचा रोखा पूर्ण मुदत तुमच्याच गळ्यात राहिला असता. एकाच वर्षी सगळे पैसे पडक्या दराला गुंतवावे लागू नयेत म्हणून आपण तारखा पसरवतो, आणि कॉलवाल्या रोख्याची तारीख कंपनीच्या हातात असते. दर घसरले की असे सगळे रोखे एकदम परत येऊ शकतात. बाकीच्या चार पायऱ्यांचं काय?

गणपुले_नाही
यापेक्षा ठरावीक मुदतीचा रोखे फंड घ्या. शंभर रोखे असतात, एक कॉल झाला तर कळतही नाही.

पाणवठा
कळत नाही, पण फंडाचंही उत्पन्न घटतंच की. आणि खर्च वेगळा.

गणपुले_नाही
खर्च किरकोळ असतो. चार-पाच कंपन्यांवर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा बराच. एक बुडाली तर 20 टक्के गेले.

जुना_खातेदार
हा मुद्दा रास्त आहे. कंपन्यांचे रोखे असतील तर पाच पायऱ्या कमीच. सरकारी असतील तर ती चिंता बरीच कमी. कॉलही सहसा नसतो.

तिरपागडा
मेक-होल नावाचा पण कॉल असतो ना? तो घातक नसतो म्हणतात.

जुना_खातेदार
बरोबर. त्यात कंपनीला उरलेल्या हप्त्यांची आजची किंमत मोजावी लागते, म्हणून निव्वळ दर पडले म्हणून ती सहसा कॉल करत नाही. त्रास ठरलेल्या भावाने होणाऱ्या कॉलचा.

कोरा_कागद
माहितीपत्रकं काढून पाहिली. तीन पायऱ्यांना कॉल नाही. 4 वर्षं बाकी असलेल्याला आहे, 100 ला, पहिली तारीख 10 महिन्यांनी. तोही 8 चा. आज भाव 101.5 दाखवतंय. आत्ताच विकू का?

तिरपागडा
फक्त 101.5? 8 टक्क्यांच्या रोख्याला? जास्त हवा. चुकीचा भाव आहे, विकू नका.

जुना_खातेदार
भाव पटण्यासारखा आहे. 10 महिन्यांत 100 परत मिळायची शक्यता मोठी, मग त्यावर कोण चढा भाव देईल? मुदतीपर्यंतचा परतावा साडेसातच्या वर दिसेल, तो विसरा, कॉलच्या तारखेपर्यंतचा बघा. तो 6 च्या थोडा वरच येईल. विकून 4 वर्षांचा कॉल नसलेला घेतलात तर 6 तेवढ्या काळासाठी पक्के होतात, ठेवलात तर 10 महिन्यांनी मिळेल त्या दराला जावं लागेल. विक्रीचा खर्च किती आणि त्या भावाला खरंच गिऱ्हाईक आहे का, हे कळल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

पाणवठा
मी असते तर ठेवला असता. कंपनी कॉल करेलच असं नाही.

कोरा_कागद
3 वर्षांचा, कॉल नसलेला, आजच घेतोय. विक्रीचा खरा भाव ब्रोकरला विचारून सांगतो.

सांजवेळ
पण मुदत ठेवीचं कुणीच बोललं नाही.