मॅच कट पटकथेतच लिहावेत, की संकलकावर सोडावेत?

शाईपेन
मी अठरा मिनिटांच्या एका लघुपटाची पटकथा लिहिली असून तीत सहा ठिकाणी मॅच कट लिहिले आहेत. दिग्दर्शकांचे म्हणणे असे की हे संकलकाचे काम आहे, कागदावरून काढून टाका. एक उदाहरण देतो. दृश्य ११ मध्ये वडील शिलाई मशीन चालवत आहेत आणि तिचे चाक फिरते आहे. दृश्य १२ मध्ये, वीस वर्षांनंतर, मुलगी गाडी चालवते आहे आणि तिच्या हातात स्टिअरिंग आहे. दोन्ही गोल, दोन्ही फिरणारे. हे कागदावर ठेवावे का, आणि ठेवायचे तर किती तपशिलात?

तिसरी घंटा
अवश्य ठेवा, आणि ठळक अक्षरांत ठेवा. पटकथेत नसलेली गोष्ट चित्रीकरणाच्या गर्दीत कोणी आठवणीने घेत नाही, आणि न घेतलेला शॉट संकलकाला कुठूनही आणता येत नाही. आकार एकसारखा असला की कट आपोआप जुळतो. तुमची दोन्ही चाके गोलच आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही. फक्त ‘मॅच कट’ एवढे दोन शब्द लिहा, बाकीचे ज्याचे तो पाहून घेईल.

मोकळा फलाट
मी दिग्दर्शनाच्या बाजूने बोलतो आणि माझे मत नेमके उलटे आहे. मॅच कट लिहिणे म्हणजे दोन दृश्यांची गाठ मारणे. पटकथा लिहिताना जो क्रम अढळ वाटतो, तो पहिल्या रफ कटमध्ये क्वचितच तसाच राहतो. एखादे दृश्य गळते, एखादे पुढे सरकते, आणि मग ती गाठ सोडवत नाही म्हणून संकलनाच्या टेबलावर सगळे अडून बसतात. कट सुंदर आहे म्हणून लांबलेले दृश्य तसेच ठेवल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्या चित्रपटाचे त्यात नुकसानच झाले.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मधली विझणारी काडी आणि त्यापाठोपाठ येणारा वाळवंटातला सूर्योदय सगळ्यांना ठाऊक आहे. पटकथेत त्या जागी डिझॉल्व होता. कामाच्या प्रिंटमध्ये तो अजून करून घेतलेला नव्हता, त्यामुळे दोन शॉट नुसते एकापुढे एक जोडलेले दिसले. संकलक अ‍ॅन कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी ते पाहिले आणि सरळ कट ठेवला. चित्रपटाच्या इतिहासातला इतका गाजलेला कट कागदावर नव्हता, तो टेबलावर सापडला, हे लक्षात घ्यावे.

धूसर
माझ्या अनुभवात दृश्ये जोडताना सगळीकडे बारा फ्रेमचा डिझॉल्व लावला की काम गुळगुळीत दिसते, आणि हल्ली सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार ट्रान्झिशनही भरपूर मिळतात. मग लेखकाने आधीपासून एवढा विचार कशासाठी करायचा?

रीळ
धूसर, आपण सांगता ते दोन शॉट एकमेकांत मिसळण्याविषयी आहे. येथे विचारले आहे ते दोन शॉटमध्ये काय असावे, जेणेकरून मिसळण्याची गरजच पडू नये, याविषयी. शिवाय सगळीकडे सारखाच डिझॉल्व लावला तर प्रेक्षक त्यातून काहीच वाचत नाही. काळ सरला की नुसती जागा बदलली, हे त्याला कळेनासे होते.

आता मूळ उदाहरणाकडे येतो. मी बरीच वर्षे संकलन करतो, आणि ‘आकार जुळला की कट जुळतो’ या समजुतीपायी वाया गेलेले शॉट माझ्याकडे पुष्कळ येतात. कट पडतो त्या क्षणी प्रेक्षकाची नजर पडद्यावर एका विशिष्ट जागी असते. पुढच्या शॉटमधली महत्त्वाची गोष्ट त्याच जागी, साधारण तेवढ्याच आकाराची आणि त्याच दिशेने हलणारी मिळाली, तर नजर न अडखळता पुढे जाते. ती दुसऱ्या कोपऱ्यात असली, तर डोळा ती शोधायला निघतो, आणि तेवढ्यात साम्य हातचे निसटते.

मशीनचे चाक शिवणाऱ्याच्या उजव्या हाताला असते आणि वरची कड त्याच्याकडे येईल असे फिरते. कॅमेरा मशीनच्या उजव्या टोकाला ठेवला, तर वडील फ्रेमच्या डावीकडे येतात आणि चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसते. स्टिअरिंग चालकाच्या मागून पाहिले, तर गाडी डावीकडे वळतानाच ते तसे फिरेल. उजव्या वळणावर दिशा उलटी होईल आणि कट फिस्कटेल. तेच स्टिअरिंग पुढच्या काचेतून टिपले, तर सगळे बरोबर उलट होते. म्हणजे गाडी कोणत्या बाजूला वळते, हा निर्णय दृश्य ११ मध्ये कॅमेरा कुठे आहे यावर अवलंबून आहे, आणि हे कोणीतरी चित्रीकरणाच्या आधी लक्षात आणून दिले पाहिजे.

यापेक्षाही मोठी अडचण आकाराची आणि गतीची आहे. स्टिअरिंगचा व्यास त्या चाकाच्या दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे दोन्ही वर्तुळे पडद्यावर सारखी दिसायला स्टिअरिंगपासून बरेच मागे जावे लागते, आणि गाडीत तेवढी जागा नसते. चाक सेकंदाच्या आत एक फेरा घेते, स्टिअरिंग मात्र सावकाश वळते. फिरणे फिरण्याशी जोडले, तर गती एकदम पडल्याचा धक्का बसेल.

म्हणून मी चाकाचा नाद सोडून हात धरला असता. वडील शिवण संपवताना उजवा तळवा चाकाच्या वरच्या कडेवर टेकवून ते थांबवतात. मुलगी घरासमोर डावीकडे वळून गाडी थांबवते, आणि तिचाही तळवा स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतो. कॅमेरा तिच्या उजव्या खांद्यामागे ठेवला, तर तिचाही हात डावीकडूनच फ्रेममध्ये येतो. माणसाचे तळवे जवळपास सारख्याच मापाचे असल्यामुळे तीच लेन्स आणि तेच अंतर ठेवले की आकार आपोआप जुळतो, आणि वर्तुळाची फक्त वरची कमान दिसत राहते. कट तळवा टेकतानाच्या हालचालीत घ्यावा. तो पूर्ण टेकल्यावर घेतला, तर दोन स्थिर चित्रे एकापुढे एक ठेवल्यासारखी दिसतील. गोल-गोल जुळवण्यात अर्थ थोडा होता. ती वडिलांसारखी थांबते, हे मात्र कथेचेच आहे.

कागदावर मी इतकेच लिहिले असते:

> दृश्य ११, शेवट: वडिलांचा उजवा तळवा डावीकडून येतो आणि चाकाच्या वरच्या कडेवर टेकतो. चाक थांबते.
> दृश्य १२, सुरुवात: मुलीचा उजवा तळवा डावीकडून येतो आणि स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतो. गाडी थांबते.

लेन्स, अंतर आणि उंची हे कॅमेरामनचे क्षेत्र आहे, ते पटकथेत येऊ नये. मात्र आधी चित्रित झालेल्या शॉटमधली एक फ्रेम दुसऱ्या दिवशी सेटवर मॉनिटरशेजारी असलीच पाहिजे, आणि दोन्ही शॉट हालचालीच्या आधी व नंतर तीन-चार सेकंद अधिक चालू ठेवले पाहिजेत. तेवढे असले की नेमक्या फ्रेमवर कट बसवायला मला जागा मिळते.

मोकळा फलाट
तळव्याचा विचार मला पटला. माझा मूळ आक्षेप मात्र तसाच राहतो. दृश्य १२ आधी सरकवावे लागले तर काय?

रीळ
तो आक्षेप योग्य आहे आणि माझ्यावरही तशी वेळ आली आहे. एका कामात असाच एक लिहिलेला कट होता. वडिलांचे आजारपण प्रेक्षकाला फार उशिरा कळते असे दिसल्यावर ते दृश्य दोन जागा आधी न्यावे लागले आणि जोड तुटला. त्या दृश्याची एक साधी सुटकाही घेऊन ठेवलेली होती. माणूस उठून फ्रेमबाहेर जातो, खोली रिकामी राहते आणि बाहेरचा आवाज चालू राहतो. तोच आवाज पुढच्या दृश्यावर ओढून आम्ही काम निभावले. त्यामुळे लिहिलेल्या प्रत्येक मॅच कटच्या दृश्याला अशी एक स्वतंत्र सुटका असावी, असा माझा आग्रह असतो. ती घ्यायला सेटवर फार वेळ लागत नाही.

‘लॉरेन्स’विषयी एक नोंद करावीशी वाटते. तेथे जोडाची जात टेबलावर बदलली हे खरे, परंतु त्या दोन दृश्यांना शेजारी कागदानेच बसवले होते. डिझॉल्व लिहिलेला नसता, तर ते दोन शॉट त्या प्रिंटमध्ये एकमेकांना लागून आलेच नसते.

मोकळा फलाट
शेजारी बसवणे आणि कट लिहिणे यांत मी फरक करतो. शेजार पटकथेनेच ठरवावा, त्याबद्दल वाद नाही. परंतु लेखकाने हालचालही लिहून ठेवली, की नट तळवा ‘टेकवण्यासाठी’ टेकवतो आणि ते प्रत्येक वेळी दिसते. मी ती सूचना नटाला देणार नाही, पाच-सहा टेक घेईन आणि त्यांतून जे मिळेल ते वापरीन.

अबोली
मी माहितीपट करते, त्यामुळे माझ्याकडे पटकथा फार उशिरा तयार होते. तरीही प्रत्येक ठिकाणी चित्रीकरण संपवताना त्या जागेतून बाहेर पडणारा एक शॉट आणि आत शिरणारा एक शॉट मी न चुकता घेते, आणि हालचालीची दिशा वहीत लिहून ठेवते. गेल्या कामात बाहेर पडणारे सगळे शॉट डावीकडून उजवीकडे निघाले आणि आत शिरणारे सगळे उजवीकडून डावीकडे, त्यामुळे प्रत्येक जोडावर माणूस परत फिरल्यासारखा दिसू लागला. हे वहीत दिसत होते, पण मी ते ओळीने वाचलेच नव्हते. शाईपेन, आपल्या सहाही जोडांची दिशा एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहा, असे सुचवते.

तिसरी घंटा
दिशेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. ‘मॅच कट’ हे दोन शब्द पुरत नाहीत, हे मान्य करतो.

शाईपेन
अबोली यांच्या सांगण्याप्रमाणे सहाही जोड लिहून पाहिले. त्यांतले तीन फक्त आकाराच्या साम्यावर उभे होते आणि दोन्ही दृश्ये वेगळी वाचली तरी काहीच उणे होत नव्हते, म्हणून ते काढले. एक जोड आवाजावर नेला, कारण तेथे खरे साम्य यंत्राच्या लयीत होते, चित्रात नव्हते. तळव्याचा जोड वर सुचवल्याप्रमाणे ठेवला आहे, आणि दृश्य ११ ला रिकाम्या खोलीची सुटका जोडली आहे.

सहावा अजून अडतो आहे. त्यात आई खिडकी मिटते आणि पुढच्या दृश्यात मुलगी डोळे मिटते. दिग्दर्शक म्हणतात, हे कागदावर वाचताना उत्तम वाटते, पण पडद्यावर फार सांगितल्यासारखे होईल. रीळ, खिडकीचे दार आडवे सरकते आणि पापणी वरून खाली येते, हे माझ्याही लक्षात आले आहे. खिडकीला वरून खाली येणारा पडदा दिला तर दिशा जुळेल, परंतु मग दिग्दर्शकांचा आक्षेप कमी होईल की वाढेल?

रीळ
मला वाटते, वाढेल. दोन्ही शॉट साध्या फोनवर टिपून जोडून पाहा आणि दिग्दर्शकांना आवाज बंद ठेवून दाखवा. दिशा इतकी चपखल जुळल्यावर तो योग लेखकाने घडवून आणल्यासारखा दिसण्याची भीती येथे खरी आहे, आणि ती कागदावरून ठरवता येणार नाही.

मोकळा फलाट
मी असतो तर खिडकी अर्धी मिटतानाच कट घेतला असता आणि डोळे मिटलेले थेट दाखवले असते. पण हे मी टेबलावर ठरवले असते.