अर्धगोलात शंकू कुठून आला?

«गणित मंडळाच्या प्रमुख मुलीनं भाषणात वृत्तचितीतून शंकू वजा केला आणि अर्धगोल मिळाला म्हणाली. पण गोलात शंकू आहेच कुठे?»

गोलात नाहीच. तो शेजारच्या वृत्तचितीत आहे, आणि भाषणात ती चिती फळ्यावर काढायला हवी होती.

अर्धगोल सपाट बाजूवर ठेवा, त्रिज्या ५ सेंमी. शेजारी ५ त्रिज्येची, ५ उंचीची वृत्तचिती ठेवा आणि तिच्यातून शंकू कोरून काढा, टोक खाली तळाच्या मध्यावर, तोंड वर. आता दोन्ही ३ सेंमी उंचीवर आडवे कापा. अर्धगोलाच्या चकतीची त्रिज्या पायथागोरसनं ४ येते, म्हणजे क्षेत्रफळ 16π. शंकूची त्रिज्या उंचीइतकीच वाढते, म्हणून तिथे भोकाची त्रिज्या ३ आणि उरलेल्या कड्याचं क्षेत्रफळ 25π − 9π, पुन्हा 16π. कुठल्याही उंचीवर हे जुळतं, कारण दोन्हीकडे π(r² − h²) येतं. प्रत्येक थर सारखा, म्हणून घनफळही सारखं. शंकू चितीचा एक तृतीयांश, उरले दोन तृतीयांश. पूर्ण गोल घेतला तर त्याच्या खालच्या अर्ध्यालाही तेच लागू.

मुलं इथे शंकू हमखास उलटा ठेवतात. तळाशी बघा: अर्धगोलाची चकती तिथे सर्वांत मोठी, आणि टोक वर असलेला शंकू मात्र चितीचा अख्खा तळ खाऊन टाकतो. कडं उरतच नाही.

शंकू एक तृतीयांशच का, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. ते वेगळं दाखवावं लागतं. घनाचे तीन सारखे पिरॅमिड कापून सुरुवात करता येते.